सतरा वर्षं आठ महिने: सज्ञान म्हणून खटला का नाही?

मुळामुठा
पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाने पोर्शे गाडीखाली दोघांचा जीव घेतला, त्या प्रकरणात मुलावर सज्ञान म्हणून खटला चालवायचा पोलिसांचा अर्ज बाल न्याय मंडळाने १५ जुलै २०२५ ला फेटाळला. त्या दिवशी घरी जेवताना यावरून माझी आणि मेहुण्याची चांगलीच जुंपली. मेहुणा म्हणाला, २०१५ मध्ये कायदा बदलला, सोळा पूर्ण झाले की मोठ्यांसारखा खटला चालतो. हा मुलगा तर १७ वर्षं ८ महिन्यांचा होता, गेले दोन जीव, मग नाही का म्हणाले? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमटी गार झाली.

राग नको, शिव्या नकोत. कायद्यात नेमकं कुठे अडलं ते कुणी समजावून सांगेल का?

रोखठोक_राजा
त्यात समजावण्यासारखं काय आहे? बाप बिल्डर. विषय संपला. तीनशे शब्दांचा निबंध ही शिक्षा असते का? आमच्या वेळी गृहपाठ केला नाही तर मास्तर दहा वेळा लिहायला लावायचे.

सातारी_तडका
राजाभाऊ, आमच्याकडे निबंधाला किमान दोन पानं लागायची. तीनशे शब्दांत 'माझा आवडता प्राणी'सुद्धा उरकत नाही.

काळाकोट
मी आमच्या जिल्ह्याच्या मंडळासमोर बारा वर्षं उभी राहते आहे, म्हणून थोडं लिहिते.

आधी निबंध. ती शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. अठराच्या आतल्या मुलाला जामीन देणं हाच नियम आहे, गुन्हा जामीनपात्र असो वा नसो. सुटला तर गुन्हेगारांच्या संगतीत पडेल, त्याच्याच जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल असं दिसलं तरच नाकारता येतो. अट पोरकट होती की नव्हती यावर भांडा, माझंही मत तुमच्यासारखंच आहे. पण खटल्याचा निकाल लागला आणि निबंधावर सुटला, असं झालेलं नाही. नंतर लोक चिडले तेव्हा मंडळाने त्याला निरीक्षणगृहात पाठवलं. तो आदेशच बेकायदेशीर आहे असं म्हणून उच्च न्यायालयाने २५ जून २०२४ ला त्याला सोडायला सांगितलं आणि ताबा आत्याकडे दिला.

आता मुळामुठांचा प्रश्न. मेहुणे अर्धे बरोबर आहेत. सोळा पूर्ण होणं हा पहिला उंबरठा. दुसरा उंबरठा गुन्ह्याचा आहे आणि सगळे अडखळतात ते तिथे. कायद्यात गुन्ह्यांचे तीन गट आहेत: किरकोळ, गंभीर आणि तिसरा ज्याला आम्ही कोर्टात 'हीनस'च म्हणतो, मराठी पेपरवाले 'निर्घृण' छापतात. सज्ञान म्हणून खटल्याचा विचार फक्त या तिसऱ्या गटात होतो. आणि गुन्हा त्या गटात जायला किती माणसं मेली हे बघत नाहीत. त्या कलमात किमान शिक्षा सात वर्षं किंवा जास्त आहे का, एवढंच बघतात.

पोर्शेमध्ये मुख्य कलम ३०४, म्हणजे सदोष मनुष्यवध. शिक्षा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत. त्यातला 'पर्यंत' हा शब्द वाचा. कमाल मोठी आहे, किमान काहीच नाही. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून पोलिसांनी बनावट दस्तऐवजाचं ४६७ लावलं, तिथेही जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, पण किमान नाही. म्हणजे दुसऱ्या उंबरठ्यावरच दार बंद.

रोखठोक_राजा
म्हणजे जन्मठेप होऊ शकते असा गुन्हा 'निर्घृण' नाही? हे कुठलं मराठी?

काळाकोट
मराठी नाही हो, संसदेचं इंग्रजी. आणि ही अडचण पुण्यात निघालेली नाही. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीत असंच झालं. मर्सिडीज, एक तरुण ठार, चालवणारा मुलगा अठराला चार दिवस कमी. हो, चारच दिवस. कलम तेच, ३०४. मंडळ म्हणालं सज्ञान म्हणून चालवा, उच्च न्यायालय म्हणालं नाही. मृताची बहीण सर्वोच्च न्यायालयात गेली. ९ जानेवारी २०२० ला निकाल आला (शिल्पा मित्तल खटला, आम्ही रोज त्याचंच नाव घेतो). न्यायालयाच्या लक्षात आलं की ज्या गुन्ह्यांना कमाल सातपेक्षा जास्त आहे पण किमान सात नाही, ते तिन्ही गटांपैकी कुठेच बसत नाहीत, कायदा लिहितानाच सुटलेत. मग न्यायालय म्हणालं, संसद काही ठरवत नाही तोवर हे 'गंभीर' समजा, म्हणजे सज्ञान नाही.

आणि संसदेने २०२१ मध्ये दुरुस्ती केली तेव्हा हे गुन्हे वरच्या गटात घालायची संधी होती. घातले नाहीत. 'गंभीर'मध्येच घातले. त्यामुळे पुण्याच्या मंडळाला दुसरं काही म्हणायला जागाच नव्हती.

स्कूटीवाली_आई
माझा मुलगा सोळाचा आहे, क्लासला स्कूटी नेतो. लायसन्स नाही. काल चौकात मामाने पकडलं, म्हणजे ट्रॅफिकच्या. आता त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला होईल का? रात्रभर झोप नाही.

सातारी_तडका
ताई, मामाने पकडलं म्हणजे घरचंच प्रकरण.

काळाकोट
ताई, त्याच्यावर नाही होणार, झोपा. तुमच्यावर होईल 🙂
गंमत बाजूला. २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आलंय. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला दोषी धरतात. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. 'मला माहीत नव्हतं' हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. सोळाव्या वर्षी फक्त पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचं लायसन्स निघतं, तुमची स्कूटी त्यात बसत नाही. किल्ली काढून घ्या.

स्कूटीवाली_आई
किल्ली डाळीच्या डब्यात ठेवली.

एडिसनकर
इकडे न्यू जर्सीत गंभीर गुन्ह्यात मुलाला मोठ्यांच्या कोर्टात पाठवायचं किमान वय आता पंधरा आहे, आधी चौदा होतं. आणि वकिलाची पहिली धावपळ हीच असते की केस फॅमिली कोर्टातच राहावी. तुमच्याकडे सोळा म्हणजे उलट मऊच म्हणायचं. इंग्लंडमध्ये तर दहा वर्षांच्या पोरालाही गुन्हेगार धरतात.

काळाकोट
एडिसनकर, दोन वेगळी वयं एकत्र झाली. इंग्लंडचं दहा म्हणजे कुठल्या वयापासून मूल गुन्ह्याला जबाबदार धरायचं ते. आपल्याकडे ते सात आहे. सात ते बारामध्ये समज पुरेशी नव्हती असं दिसलं तर गुन्हा नाही. सज्ञान म्हणून खटला ही वेगळी गोष्ट. जबाबदारीच्या वयाच्या हिशेबाने आपण इंग्लंडपेक्षा कडक निघतो.

एडिसनकर
मान्य. घाईत लिहिलं.

अवनी_समुपदेशक
काळाकोट, तिसऱ्या उंबरठ्यावर मी बसते, म्हणून लिहिते. गुन्हा 'हीनस' असेल आणि मुलगा सोळाच्या वर असेल तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं. तीन गोष्टी बघायच्या: असा गुन्हा करायची त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत, आणि कुठल्या परिस्थितीत घडलं. मंडळात बालमानसशास्त्राचं शिक्षण असलेला सदस्य नसेल तर बाहेरचा तज्ज्ञ बोलवावाच लागतो, हे गुरुग्रामच्या शाळेतल्या खुनाच्या खटल्यात २०२२ मध्ये स्पष्ट झालं.

प्रत्यक्षात कसं होतं सांगते. मुलगा निरीक्षणगृहातून येतो, चप्पल बाहेर काढून. त्याच्याबरोबर हवालदार. मला तासभर मिळतो, कधी त्याहून कमी. पूर्वीचे काही अहवाल मी वाचलेत. बुद्ध्यांक ९२, 'चाकू मारला तर काय होतं?' असं विचारलं, मुलगा म्हणाला 'माणूस मरतो, पोलीस धरतात', आणि खाली शेरा, 'परिणाम समजतात'. अहो, हे पाच वर्षांच्या मुलालाही समजतं. त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की परिणाम म्हणजे तेवढेच नव्हेत. मेलेल्याच्या घराचं काय होईल, आपल्या घरच्यांचं काय होईल, आपल्या पुढच्या आयुष्याचं काय होईल, हे सगळं त्यात येतं. मित्र भोवती उभे असताना सतरा वर्षांच्या मुलाला ते त्या क्षणी सुचतं का?

आणखी एक अडचण कुणी बोलत नाही. मुलगा म्हणतो 'मी केलंच नाही'. त्याला मी 'कुठल्या परिस्थितीत केलंस' हे कसं विचारू? गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय. मी विचारते तेव्हा तो माझ्याकडे बघतो आणि मग भिंतीकडे.

रोखठोक_राजा
अवनीताई, तुमचं मन मोठं आहे. पण मेलेल्यांच्या आईवडिलांना जाऊन हे सांगा. त्यांना बुद्ध्यांक नको, न्याय हवा.

अवनी_समुपदेशक
सांगितलंय, राजाभाऊ. पोर्शेच्या नाही, दुसऱ्या एका केसमधल्या आईला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'माझ्या पोराचं मूल्यांकन कुणी केलं का?' त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

मुळामुठा
काळाकोट, मग एक सांगा. किमान सात वर्षं हीच फूटपट्टी असेल तर त्यात आत कोण येतं?

काळाकोट
खून येतो, कारण त्याला जन्मठेपेहून कमी शिक्षाच नाही. बलात्कार, खंडणीसाठी अपहरण येतात. तिथे कुणाची तक्रार नाही.

पण माझ्याकडे येणाऱ्या फायली वेगळ्या असतात. मुलगा सतरा वर्षं दोन महिने, मुलगी सोळा वर्षं आठ महिने, दोघं पळून जाऊन मावशीकडे राहिली. मुलीच्या वडिलांनी तक्रार दिली. मुलीची संमती कायदा धरत नाही, म्हणून पॉक्सोचं कलम ४ लागलं, किमान दहा वर्षं. झाला गुन्हा 'हीनस'. मुलाचं मूल्यांकन सुरू. मुलगी मंडळाच्या व्हरांड्यात आईची नजर चुकवून त्याच्यासाठी चिवड्याची पुडी घेऊन आली होती.

दुसरी फाईल. झोपडपट्टीतला सतरा वर्षांचा पोरगा, पाचशे रुपयांसाठी बॅग या स्टेशनवरून त्या स्टेशनवर न्यायची. बॅगेत गांजा वीस किलोच्या वर निघाला. किमान दहा वर्षं. तोही 'हीनस'.

आणि दारू पिऊन अलिशान गाडी दोघांच्या अंगावर घातली, तर 'हीनस' नाही. खुनाचा प्रयत्न केला, माणूस आयुष्यभर अंथरुणाला खिळला, तरी साधारणपणे 'हीनस' नाही, कारण त्या कलमातही 'दहा वर्षांपर्यंत' आहे. माझा राग इथे आहे. मंडळाने पुण्यात नियम पाळला. नियमच कमाल शिक्षेऐवजी किमान शिक्षेवर उभा केलाय, त्यामुळे चिवड्याची पुडी एका बाजूला आणि पोर्शे दुसऱ्या बाजूला.

रोखठोक_राजा
हे मात्र पटलं. म्हणजे माझाही राग बरोबर, फक्त पत्ता चुकला.

सातारी_तडका
राजाभाऊंना काहीतरी पटलं, धाग्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

भीमथडी
नव्या न्यायसंहितेत हे बदललंय ना? १ जुलै २०२४ पासून सदोष मनुष्यवधाला किमान शिक्षा आली असं वाचलं. मग आता असं झालं तर सज्ञान धरतील.

काळाकोट
किमान आली, बरोबर. पण कलम १०५ च्या पहिल्या भागातच, आणि ती पाच वर्षं आहे. सात नाही. दुसऱ्या भागात, जिथे हेतू नसतो पण मृत्यू होईल याची जाणीव असते, तिथे अजूनही 'दहापर्यंत'च. दारूच्या नशेतल्या गाडीचं प्रकरण बहुतेक दुसऱ्या भागात पडतं. म्हणजे आजही तेच होईल.

कोथरूडकर
वयाचा विषय निघालाच आहे तर मला आमच्या भागातलं १९९४ आठवतं. ऑगस्ट महिना, कोथरूडमधल्या एका फ्लॅटमध्ये सात जणांचे खून. त्यात लहान मुलं, एक गरोदर बाई. पुढे कित्येक महिने आमच्या सोसायटीत दाराला दोन-दोन कड्या होत्या आणि घरकामाच्या मुलांना लोक आत घेईनात. त्या खटल्यात नारायण चेतनराम चौधरीला फाशी झाली. २०१८ मध्ये त्याने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की घटनेच्या वेळी मी लहान होतो. राजस्थानातल्या गावच्या शाळेचा दाखला निघाला, त्यावर नाव निरानाराम. पुण्याच्या न्यायाधीशांनी चौकशी केली, कागद खरा ठरला. घटनेच्या वेळी वय साडेबारा. मार्च २०२३ मध्ये सुटला, अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढून. त्या वयाच्या मुलाला आताच्या कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात ठेवता येतं.

माझं स्वतःचं सांगतो. बातमी वाचून मला दोन्ही वाटलं. त्या घरातल्या लोकांसाठी पोटात गोळा आला, आणि साडेबाराव्या वर्षाच्या मुलाने फाशीच्या कोठडीत तारुण्य काढलं याचाही. अजूनही दोन्ही एकत्र बसत नाहीत.

भीमथडी
इतक्या उशिरा अर्ज कसा चालतो? निकाल लागला, सगळं संपलं, तरी?

काळाकोट
अल्पवयाचा दावा कधीही करता येतो, निकाल अंतिम झाल्यावरही. आणि वय मोजायचं ते गुन्ह्याच्या दिवशीचं, अटकेच्या किंवा खटल्याच्या दिवशीचं नाही. कागदांचाही क्रम आहे: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पहिलं, ते नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. हाडांवरून वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होतात, म्हणून ती शेवटी.

निवृत्त_गुरुजी
एवढा वेळ वाचत होतो. शाळेचा दाखला पहिला, हे वाचून लिहावंसं वाटलं.

मी मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं नोकरी केली. जूनमध्ये आई-बाप पोराला हाताला धरून आणायचे. जन्मतारीख विचारली की आई म्हणायची, 'दिवाळीच्या आधी, बाजरी काढायला आली होती तेव्हा.' वय पूर्ण दिसलं पाहिजे, नाहीतर पहिलीत घेता येत नाही. मग आम्ही लिहायचो १ जून. अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस एकाच दिवशी येतो त्याचं कारण आम्ही मास्तर.

असाच एक पोरगा मी जनरल रजिस्टरमध्ये १ जून १९९३ ला जन्माला घातला. आई म्हणत होती त्याच वर्षीची दिवाळी. आठवीत शाळा सुटली. जुलै २०११ मध्ये यात्रेत मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं, याच्यावर खुनाच्या प्रयत्नाचं कलम. ग्रामपंचायतीत जन्माची नोंद नाही. मला रजिस्टर घेऊन कोर्टात बोलावलं. पिवळं पडलेलं पान, माझंच अक्षर. वकिलाने विचारलं, नोंद कुणाची? म्हटलं माझी. कशावरून केली? म्हटलं पालकांनी सांगितलं त्यावरून. 'दिवाळी' असं सांगितलं होतं हे म्हणायला तोंड उघडलं, तर समोरचा वकील म्हणाला, रजिस्टरमध्ये दिवाळी लिहिलंय का? नव्हतं लिहिलं. कागदाने तो अठरा वर्षं दीड महिन्याचा. आईच्या हिशेबाने सतरा वर्षं आठ-नऊ महिने, म्हणजे जवळपास पोर्शेवाल्याच्याच वयाचा. चाळीस दिवस जिल्हा कारागृहात मोठ्यांच्या बरॅकीत होता.

काळाकोट
गुरुजी, त्याच्या वकिलाने आईची साक्ष काढली होती का? भाऊ-बहिणींचे दाखले? लसीकरणाची नोंद? असा कागद असता तर रजिस्टरला आव्हान देता आलं असतं. मी असे दोन खटले जिंकलेत, दोन हरलेत.

निवृत्त_गुरुजी
आई आली होती. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली दिवसभर बसली. आत कुणी बोलावलं नाही.

मुळामुठा
मेहुण्याला धागा वाचायला दिला. तो म्हणतो, मग पोर्शेवाल्याला पुढे काय होणार? मंडळाने दोषी धरलं तर जास्तीत जास्त तीन वर्षं, एवढंच?

काळाकोट
हो, जास्तीत जास्त तीन वर्षं विशेषगृहात, आणि नोंद पुढे पुसली जाते. सज्ञान म्हणून चालला असता तरी आधी बाल न्यायालयाने पुन्हा स्वतः ठरवलं असतं की खरंच सज्ञान म्हणून चालवायचं का. दोषी ठरला असता तरी एकविशीपर्यंत तुरुंगात गेला नसता, सुरक्षित ठिकाणी राहिला असता. एकविसाव्या वर्षी सुधारलाय का बघून मगच उरलेली शिक्षा की सुटका हे ठरतं. फाशी किंवा सुटकेची आशा नसलेली जन्मठेप देताच येत नाही. मेहुण्यांना वाटतं तेवढा 'मोठ्यांसारखा' तो खटला नसतोच.

मुळामुठा
हे वाचून तो गप्प बसला. मग म्हणाला, 'पण दोन जीव...' आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

स्कूटीवाली_आई
किल्ली त्याला सापडली. डब्यातली डाळ सगळी ओट्यावर. आणि गुरुजी, माझा पण वाढदिवस १ जूनच. आई म्हणते गणपती बसले होते.